श्वासांची शर्यत: गो खेळातील कोंडीचा हिशेब

गो या खेळात समोरासमोर अडकलेल्या दोन शत्रुगटांपैकी एकालाच जगता येईल अशी वेळ वारंवार येते. काळ्याचा गट पांढऱ्याने वेढलेला असतो आणि वेढणाऱ्या पांढऱ्या सोंगट्यांपैकी काही स्वतःच काळ्याच्या वेढ्यात सापडलेल्या असतात. दोघांनाही बाहेर निसटायला वाट नसते आणि दोघांनाही स्वतःच्या बळावर तगून राहता येत नसते. मग जो आधी दुसऱ्याला मारील तो वाचतो. जपानी खेळाडू या झुंजीला ‘सेमेआई’ म्हणतात. ती अंदाजाने किंवा धाडसाने जिंकता येत नाही. दोन्ही बाजूंची मोजणी आणि पाळी कोणाची आहे, एवढ्यावर तिचा निकाल ठरतो. मात्र काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे, हे कळावे लागते.

खेळाचे मूळ नियम थोडके आहेत. पट १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा असतो. सोंगट्या चौकोनात न ठेवता रेघा जिथे छेदतात त्या बिंदूंवर ठेवतात. काळा आणि पांढरा आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवतात, आणि एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. सोंगटीला रेघेने थेट जोडलेला रिकामा बिंदू म्हणजे तिचा श्वास. चिनी खेळाडू त्यासाठी श्वास याच अर्थाचा ‘ची’ हा शब्द वापरतात. पटाच्या मध्यावर एकट्या सोंगटीला ४ श्वास असतात, कडेला ३ आणि कोपऱ्यात २. एकाच रंगाच्या सोंगट्या रेघेने जोडल्या गेल्या की त्यांचा एक गट होतो आणि श्वासही सामाईक होतात. शेवटचा श्वास शत्रूने बुजवला की अख्खा गट पटावरून उचलला जातो. एकच श्वास उरलेला गट ‘अतारी’त आहे असे म्हणतात.

पूर्ण वेढला गेलेला गटही जगू शकतो, पण त्याला दोन डोळे हवेत. डोळा म्हणजे गटाने आपल्याच सोंगट्यांनी कोंडून घेतलेली रिकामी जागा. आपल्या सोंगटीला एकही श्वास उरणार नाही अशा बिंदूवर खेळता येत नाही. त्या खेळीने शत्रूचा गट उचलला जात असेल तरच ती चालते. दोन वेगळे डोळे असलेल्या गटाचे दोन्ही डोळे एकाच खेळीत बुजवता येत नाहीत, म्हणून तो कायमचा सुरक्षित राहतो. सेमेआईतल्या दोन्ही गटांकडे असे दोन डोळे नसतात. एखाद्याकडे एक असतो, नाहीतर एकही नसतो.

साधी शर्यत

दोन गट एकमेकांना अगदी चिकटलेले आहेत, मध्ये रिकामी जागा नाही आणि डोळाही कोणाकडे नाही, ही सर्वांत सोपी स्थिती. समजा, पटाच्या खालच्या कडेवर काळ्याच्या चार सोंगट्यांची उभी रांग आहे आणि तिला लागूनच पांढऱ्याच्या चार सोंगट्यांची रांग आहे. काळ्याच्या डाव्या अंगाला चार रिकामे बिंदू आहेत आणि त्यापलीकडे पांढऱ्याची भक्कम भिंत. पांढऱ्याच्या उजव्या अंगालाही चार रिकामे बिंदू आणि त्यापलीकडे काळ्याची भिंत. वरून दोन्ही रांगा बंद आहेत. म्हणजे दोघांचे श्वास ४-४ झाले.

काळ्याची पाळी असेल तर तो पांढऱ्याचा एक श्वास बुजवतो, पांढरा काळ्याचा एक बुजवतो. असे करत काळ्याच्या तिसऱ्या खेळीनंतर पांढरा अतारीत येतो. पांढऱ्याच्या तिसऱ्या खेळीनंतर काळाही अतारीत येतो, पण चौथी खेळी काळ्याची असते आणि पांढऱ्या सोंगट्या उचलल्या जातात. पांढरा आधी खेळला असता तर निकाल नेमका उलटा लागला असता. यावरून पहिला नियम मिळतो. श्वास सारखे असतील तर ज्याची पाळी तो जिंकतो. एकाचा एक जरी श्वास जास्त असेल, तर पाळी कोणाचीही असो, तोच जिंकतो.

मोजणीचा लगेच मिळणारा फायदा असा की, श्वासात फरक असेल तर त्या झुंजीत खेळायची गरजच उरत नाही. श्वास ६ विरुद्ध ४ असतील, तर सहावाल्याने ती जागा सोडून पटावर दुसरीकडे मोठी खेळी करावी. शत्रूने एक श्वास बुजवल्यावरही ५ विरुद्ध ४ हा हिशेब त्याच्याच बाजूने असतो. चारवाल्यानेही तिथे सोंगट्या वाया घालवू नयेत. न मोजता खेळणारे दोन्हीकडे चुकतात. जिंकलेली लढाई ते पुन्हा जिंकायला जातात आणि हरलेली लढाई ओढत बसतात.

सामाईक श्वास

खरी गुंतागुंत दोन गटांच्या मध्ये रिकामे बिंदू असले की सुरू होते. हे बिंदू दोघांनाही टेकलेले असल्यामुळे ते दोघांचेही श्वास असतात. बाहेरचा श्वास बुजवताना फक्त शत्रूचे नुकसान होते. सामाईक श्वास बुजवणारा मात्र शत्रूबरोबर स्वतःचाही एक श्वास कमी करतो.

म्हणून बुजवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी बाहेरचे श्वास, मग सामाईक, आणि शत्रूला डोळा असेल तर तो शेवटी. दोघांकडे बाहेरचे २-२ श्वास आणि मध्ये १ सामाईक श्वास आहे असे धरू. एकूण ३-३ झाले आणि पाळी काळ्याची आहे. काळा बाहेरून सुरुवात करील तर दोघेही आपापल्या दोन खेळ्या बाहेर खेळतात, आणि शेवटी उरलेल्या सामाईक बिंदूवर खेळून काळा पांढऱ्याला उचलतो. पण त्याने पहिलीच खेळी त्या मधल्या बिंदूवर केली, तर दोघांचे श्वास २-२ होतात आणि पाळी पांढऱ्याची येते. जिंकलेली शर्यत एका चुकीच्या खेळीने हातची जाते. नवशिक्यांच्या पटावर ही चूक नेहमी दिसते, कारण मधल्या बिंदूवरची खेळी सर्वांत आक्रमक वाटते.

सामाईक श्वास दोन किंवा जास्त असले की तिसरा निकालही संभवतो. दोघांचे बाहेरचे श्वास संपले आणि मध्ये दोन सामाईक उरले, तर जो त्यातला एक बुजवील तो स्वतःच अतारीत जाईल आणि पुढच्या खेळीत उचलला जाईल. त्यामुळे कोणीच खेळत नाही. दोन्ही गट डोळ्यांवाचून पटावर तसेच राहतात. या स्थितीला ‘सेकी’ म्हणतात. सेकीत कोणी कोणाला मारत नाही आणि कोणी मरतही नाही.

आता प्रश्न असा की, सामाईक श्वास कोणाच्या खात्यात धरायचे? मारायला निघालेल्याला शत्रूचे बाहेरचे श्वास तर बुजवावे लागतातच, शिवाय सामाईक श्वासही त्यालाच बुजवावे लागतात, कारण बचाव करणारा तिथे हात लावत नाही. असा प्रत्येक सामाईक बिंदू बुजवताना मारणाऱ्याचा स्वतःचाही श्वास जातो. अपवाद फक्त शेवटच्या बिंदूचा, कारण तो बुजताच शत्रू उचलला जातो. म्हणून हिशेब असा मांडतात: मारू पाहणाऱ्याचे बाहेरचे श्वास अधिक १, आणि बचाव करणाऱ्याचे बाहेरचे श्वास अधिक सर्व सामाईक श्वास. या दोन बेरजांना पहिला नियम लावायचा. बेरजा सारख्या असतील तर पाळी असलेल्याचे साधते, नसतील तर मोठ्या बेरजेवाल्याचे. फरक एवढाच की इथे ‘साधणे’ दोघांसाठी सारखे नाही. मारणाऱ्याचे साधले तर शत्रू मरतो, बचाववाल्याचे साधले तर सेकी होते. मारण्याचा प्रयत्न ज्याचे बाहेरचे श्वास जास्त आहेत त्यानेच करायचा असतो. ब्रिटिश खेळाडू रिचर्ड हंटर यांनी ‘ब्रिटिश गो जर्नल’मधील लेखांतून आणि नंतर पुस्तकातून सेमेआईचे प्रकार पाडून ही मोजणी सविस्तर मांडली. मारू पाहणाऱ्या बाजूला ते ‘फेव्हरिट’ म्हणतात आणि दुसरीला ‘अंडरडॉग’.

एक स्थिती, तीन निकाल

पुढील आकृतीत सर्वांत खालची ओळ ही पटाची कड आहे. दोन्ही टोकांच्या भिंती बाहेर पसरलेल्या आणि सुरक्षित आहेत असे धरायचे.

```
○ ○ ○ ○ ● ● ●
○ ○ ● ● ○ ● ●
○ · ● · ○ ● ●
○ · ● · ○ ● ●
○ · ● · ○ · ●
```

झुंज दोन गटांत आहे. तिसऱ्या स्तंभातल्या चार काळ्या सोंगट्या आणि त्यांना वरून जोडलेली चौथ्या स्तंभातली एक, असा पाच सोंगट्यांचा काळा गट. त्याच्यासमोर पाचव्या स्तंभातल्या खालच्या चार सोंगट्यांचा पांढरा गट. काळ्याचे बाहेरचे श्वास दुसऱ्या स्तंभात आहेत, ते ३. पांढऱ्याचा बाहेरचा श्वास सहाव्या स्तंभात तळाशी आहे, तो १. चौथ्या स्तंभातले ३ बिंदू सामाईक आहेत.

नुसती बेरीज केली तर काळ्याचे ६ आणि पांढऱ्याचे ४ श्वास होतात. काळा निर्धास्त आहे असे वाटते. वरच्या पद्धतीने मोजले तर चित्र बदलते. काळा मारणारा आहे, म्हणून त्याचे ३ अधिक १, म्हणजे ४. पांढरा बचाव करणारा, म्हणून त्याचे १ अधिक ३, म्हणजे ४. बेरजा सारख्या आहेत, तेव्हा निकाल पाळीवर अवलंबून आहे.

काळा आधी खेळला तर तो पांढऱ्याचा एकमेव बाहेरचा श्वास बुजवतो. पांढरा दुसऱ्या स्तंभात एक श्वास बुजवतो आणि काळ्याचे बाहेरचे २ उरतात. काळा सामाईक स्तंभात सर्वांत खाली खेळतो. पांढरा बाहेर आणखी एक बुजवतो, काळ्याकडे बाहेरचा १ उरतो. काळा सामाईक स्तंभात दुसऱ्यांदा खेळतो आणि पांढरा अतारीत येतो. पांढरा काळ्याचा शेवटचा बाहेरचा श्वास बुजवतो, पण आता पाळी काळ्याची आहे. उरलेला सामाईक बिंदू बुजवून तो चारही पांढऱ्या सोंगट्या उचलतो.

पांढरा आधी खेळला तर तो बाहेरून एक श्वास बुजवतो आणि काळ्याचे बाहेरचे २ उरतात. काळा पांढऱ्याचा बाहेरचा श्वास बुजवतो. पांढऱ्याच्या पुढच्या खेळीनंतर काळ्याचा बाहेरचा १ उरतो. काळा सामाईक स्तंभात खाली खेळतो, पांढरा काळ्याचा शेवटचा बाहेरचा श्वासही बुजवतो. आता दोघांच्या मध्ये दोन सामाईक बिंदू आहेत आणि बाहेर कोणाचाच श्वास नाही. पाळी काळ्याची असली तरी तो आत खेळला तर पांढराच त्याला उचलील. इथे सेकी झाली आणि पांढरा वाचला.

आता दुसऱ्या स्तंभात आधीच आणखी एक पांढरी सोंगटी आहे, म्हणजे काळ्याचे बाहेरचे श्वास २ च आहेत, असे समजू. नुसत्या बेरजेत अजूनही काळा ५ विरुद्ध ४ असा पुढे दिसतो. खऱ्या हिशेबात तो ३ विरुद्ध ४ असा मागे आहे, आणि आधी खेळूनही त्याला सेकीपलीकडे जाता येत नाही. उलट काळ्याचे बाहेरचे श्वास ४ असते, तर ५ विरुद्ध ४ या हिशेबाने पांढऱ्याला पहिली खेळी दिली तरी काळा जिंकला असता. एका श्वासाच्या फरकाने निकाल कसा बदलतो ते यावरून दिसते. यातून एक उपयोगी गोष्टही निघते. बाहेरचे श्वास दोघांचे सारखे असतील आणि सामाईक दोन किंवा अधिक असतील, तर पाळी कोणाचीही असो, नीट खेळल्यास सेकीच होते.

डोळा असलेला विरुद्ध नसलेला

एका गटाकडे एक डोळा आणि दुसऱ्याकडे एकही नाही, अशी स्थिती आली की सामाईक श्वासांचे पारडे एकाच बाजूला झुकते. डोळा नसलेल्याने सगळे सामाईक श्वास बुजवत नेले, तरी शत्रूच्या डोळ्यातला श्वास शिल्लक राहतो. डोळा असलेला मात्र शेवटचा सामाईक बिंदू बुजवून शत्रूला उचलू शकतो. म्हणून डोळेवाल्याची बेरीज बाहेरचे, सामाईक आणि डोळ्यातले असे सर्व श्वास मिळून होते. डोळा नसलेल्याचे फक्त बाहेरचे श्वास धरायचे. मध्ये सामाईक श्वास असताना इथे सेकीची वाट जवळजवळ बंद असते.

वरच्याच आकृतीत पांढऱ्या गटाला एका बिंदूचा एक डोळा असता तर त्याची बेरीज १ अधिक ३ अधिक १, म्हणजे ५ झाली असती, आणि काळ्याची नुसती ३. काळा आधी खेळूनही हरला असता. एकूण श्वास मोजणाऱ्याला मात्र तिथेही काळा ६ विरुद्ध ५ असा पुढे दिसला असता. म्हणूनच सेमेआईत कधीकधी शत्रूचा श्वास बुजवण्याऐवजी स्वतःचा डोळा करणे, किंवा शत्रूचा होऊ घातलेला डोळा मोडणे, ही सर्वांत मोठी खेळी ठरते.

दोघांकडे एकेक लहान डोळा असेल तर तराजू पुन्हा समतोल होतो. तेव्हा सेकीसाठी एकच सामाईक श्वास पुरतो, कारण जो तो बुजवील त्याच्याकडे फक्त डोळ्यातला एक श्वास उरतो आणि पुढची खेळी शत्रूची असते.

मोठ्या डोळ्याचे श्वास

एक, दोन किंवा तीन बिंदूंच्या डोळ्यात तितकेच श्वास असतात. चारपासून पुढे मात्र डोळ्यातले श्वास बिंदूंहून जास्त भरतात. चार बिंदूंच्या डोळ्याचे ५, पाचाचे ८ आणि सहाचे १२. ही संख्या पाठ केलेली बरी, पण तिचे कारण सोपे आहे.

चार बिंदूंचा डोळा बुजवायला शत्रू आत तीन सोंगट्या ठेवतो. तेव्हा बचाव करणारा चौथ्या बिंदूवर खेळून त्या तिन्ही उचलतो. आता डोळा तीन बिंदूंचा राहतो आणि तो बुजवायला शत्रूला आणखी तीन खेळ्या लागतात. शत्रूच्या एकूण सहा खेळ्या झाल्या. त्यांतून बचाववाल्याने उचलण्यासाठी वापरलेली एक वजा केली की ५ उरतात. पाचाच्या डोळ्यात शत्रू चार ठेवतो, बचाववाला ते उचलतो आणि चारचा डोळा उरतो. म्हणून ४ उणे १ अधिक ५, म्हणजे ८. सहाचाही हिशेब तसाच. शत्रूच्या सोंगट्या आधीच आत असतील तर तितके श्वास वजा करायचे. पाचाच्या डोळ्यात तीन शत्रुसोंगट्या असतील तर श्वास ५ च उरतात. हा हिशेब ज्या आकाराचा एकच डोळा होतो त्याला लागू पडतो. एका सरळ रांगेतल्या चार बिंदूंचे दोन डोळे करता येतात, त्यामुळे असा गट जिवंतच असतो आणि शर्यतीचा प्रश्न येत नाही.

मोजणी कुठे फसते

डोळ्याने दिसतात तितकेच श्वास नेहमी खरे नसतात. शत्रूचा श्वास बुजवायला ठेवलेली सोंगटी स्वतःच अतारीत जात असेल तर ती लगेच उचलली जाते. तिथे आधी आधाराची एक खेळी करावी लागते. असा एक रिकामा बिंदू प्रत्यक्षात दोन श्वासांचा असतो. पटाच्या कडेला आणि कोपऱ्यात हे वारंवार होते, म्हणून मोजताना प्रत्येक श्वासाबद्दल तो थेट बुजवता येतो का, हे पाहावे लागते.

श्वास वाढवण्याच्या बाबतीतही तोच काटेकोरपणा लागतो. आपला एक श्वास वाढवणारी खेळी आणि शत्रूचा एक श्वास बुजवणारी खेळी शर्यतीत सारखीच असते. श्वास वाढवण्याची खेळी एका फटक्यात दोन किंवा अधिक श्वास देत असेल तरच ती बुजवण्यापेक्षा सरस ठरते. उलट बाजूने, शत्रूच्या तोंडात मुद्दाम सोंगटी देऊन त्याला ती उचलायला लावायची आणि त्याचा गट आवळून आणायचा, अशा डावांनीही श्वास एकदम घटवता येतात.

शेवटची अडचण ‘को’ची. को म्हणजे जिथे दोघे एकच सोंगटी आलटून पालटून उचलू शकतात अशी जागा. डाव अखंड चालू नये म्हणून नियम असा की, उचललेली सोंगटी लगेच परत उचलता येत नाही. आधी दुसरीकडे एक खेळी करावी लागते. सेमेआईत को असेल तर निकाल नुसत्या श्वासांवर न ठरता पटावर इतरत्र शत्रूला उत्तर द्यायला भाग पाडणाऱ्या धमक्या कोणाकडे जास्त आहेत, यावरही ठरतो. यासाठी जपानी खेळाडूंची जुनी शिकवण आहे की सेमेआईतला को शेवटी घ्यावा. आधी बाहेरचे श्वास बुजवून झाले पाहिजेत. को लवकर घेतला तर शत्रू दुसरीकडे धमकी खेळून तो परत घेतो, आणि तो पुन्हा मिळवायला आपली एक धमकी खर्च होते.

प्रत्यक्ष डावात एवढे सगळे मोजायचा क्रम छोटा आहे. प्रथम दोन्ही गटांना डोळे आहेत का ते पाहायचे. मग मध्ये सामाईक श्वास किती आहेत ते मोजून ते कोणाच्या खात्यात जातात हे ठरवायचे. त्यानंतर बाहेरचे श्वास मोजून दोन बेरजा करायच्या आणि पाळी कोणाची ते बघायचे. बेरजा सारख्या निघाल्या तरच तिथे लगेच खेळावे. त्यांच्यात फरक असेल तर ती झुंज सोडून पटावरच्या पुढच्या मोठ्या जागेकडे वळावे.